“भाव फायनल आहे” हे जपानला कसं लिहायचं

हळदीच्या शिजवणीवर अन् पॉलिशवर इथं बरंच लिहून झालं. आज मेलबद्दल लिहितो. आपल्या भागातले गट आता थेट परदेशी खरेदीदाराशी बोलतात, अन् माल चांगला असूनही कधी कधी एका मेलनं बोलणं फिसकटतं.

आमच्या गटाचा हळदीचा नमुना जपानच्या एका खरेदीदाराकडं गेला होता. त्यांचा मेल आला की कीडनाशकांच्या अंशाचा रिपोर्ट पुन्हा, सविस्तर पाठवता येईल का, आणि भावाचाही विचार व्हावा. गटाचं मेल पाहणाऱ्या पोरानं उत्तर तयार केलं: “रिपोर्ट आधीच पाठवला आहे. भाव फायनल आहे. उद्यापर्यंत कळवा, नाहीतर माल दुसऱ्याला देऊ.” त्यात एक शब्द खोटा नव्हता. वाशीमच्या अडत्याला हे चाललंही असतं. पण पाठवण्याआधी आम्ही बसून त्यातल्या तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, “उद्यापर्यंत कळवा”. बऱ्याच जपानी कंपन्यांत मेल लिहिणारा माणूस एकटा निर्णय घेत नाही. प्रस्तावाचा कागद खालून वर फिरतो, एकेका साहेबाचा शिक्का घेत जातो. त्याला ते ‘रिंगी’ म्हणतात. आपली फाईल तलाठ्याकडून तहसीलदारापर्यंत जाते तसंच समजा. “उद्या सांग” म्हटलं की त्या खालच्या माणसाची पंचाईत होते. त्याला डावलून त्याच्या साहेबाला मेलची प्रत टाकली तर आणखीनच बिघडतं.

दुसरी, “आधीच पाठवला आहे”. याचा अर्थ निघतो की तुम्ही नीट पाहिलं नाही. ते पुन्हा का मागतात? जपाननं 2006 पासून नियम केला आहे की ज्या औषधाची त्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट 0.01 पीपीएम. म्हणजे 100 टन मालात 1 ग्रॅम. आपल्याकडं शेजारच्या शेतातला फवारा उडून आला तरी धोका. वर कागद नेणाऱ्या माणसाला प्रत्येक औषधाचा आकडा दाखवावा लागतो.

तिसरी, भावाचा नकार. लग्नाच्या बोलणीत आपण “मुलगा पसंत नाही” म्हणतो का? “पत्रिका जुळत नाही” म्हणतो, अन् समोरचा समजतो. त्यांच्याकडं “जरा अवघड आहे” म्हणजे तेच. ते असं लिहितील तेव्हा तो नकार समजायचा, अन् आपणही नकार तसाच द्यायचा.

आम्ही इंग्रजीत जे पाठवलं त्याचा मतलब असा:

“(आडनाव)-सान यांस, आपण नमुना बारकाईनं तपासला याबद्दल आभार. रिपोर्ट पुन्हा जोडला आहे. प्रत्येक कीडनाशकाचा आकडा दुसऱ्या पानावर आहे. भावाबद्दलचं आपलं म्हणणं सभासदांपुढं मांडलं. यंदाची मजुरी अन् शिजवणीचा खर्च पाहता खाली येणं अवघड जात आहे, क्षमा असावी. सोयीचं वाटल्यास 2 टनांऐवजी 500 किलोची पहिली खेप याच भावानं देऊ. आपल्याकडच्या चर्चेला वेळ लागतो याची जाणीव आहे. माल 30 एप्रिलपर्यंत आपल्यासाठी राखून ठेवत आहोत.”

पाहा, भाव एक रुपया हलला नाही. मुदतही आहे, फक्त ती त्यांच्यावर लादली नाही, आपण माल राखतो म्हणून सांगितली. ‘सान’ बाईमाणसाला अन् पुरुषाला दोघांनाही चालतं, त्यामुळं सर की मॅडम हा घोळ मिटतो. फक्त आपल्या स्वतःच्या नावापुढं ते लावायचं नाही. अन् खाली सही अध्यक्षांची, हुद्द्यासकट, कारण हे उत्तर कोणत्या पायरीवरून आलं ते तिकडं पाहिलं जातं.

एक मर्यादा सांगतो. मऊपणा वाक्यात ठेवायचा, आकड्यात नाही. वजन, ओलावा, भाव, तारीख हे स्पष्टच लिहायचं. “शक्यतो कमी ओलावा” असं लिहिलं तर तो सौजन्य नाही, भांडणाचं बी आहे. “काइंडली डू द नीडफुल” हेही टाळा. नेमकं काय करायचं ते समोरच्याला त्यातून कळत नाही.

आता उत्तर कसं वाचायचं? चार-आठ दिवस शांतता म्हणजे नकार नव्हे, कागद फिरत असतो. “विचार करू” येऊन पुढं एकही प्रश्न आला नाही, तर बहुधा विषय संपला. आम्हाला नवव्या दिवशी उत्तर आलं. आभार मानले होते, अन् खाली दोन प्रश्न होते: 500 किलोची पोती किती किलोची असतील, अन् तपासणीचा नमुना पॉलिशच्या आधीचा की नंतरचा. पोरगा म्हणाला, “काका, हो तर म्हणलेच नाहीत.” म्हटलं, पत्रिका न जुळणारे लोक मांडवाचं माप विचारत नाहीत.