खेडच्या ओळीत अवसरी

तात्या मोजणी खात्यातून निवृत्त होऊन अवसरी बुद्रुकला परतले, तेव्हा मी बारावीत होतो. इतिहासात मार्क बरे पडायचे, त्यामुळे डोक्यात थोडी हवा होती. सराव परीक्षेत पुणे जिल्ह्याच्या जुन्या जनगणनेचा तक्ता आला. १८७२ साली ९,२१,३५३ माणसं, १८८१ साली ९,००,६२१, १८९१ साली १०,६७,८०० आणि १९०१ साली ९,९५,३३०. तक्त्याच्या आधारे १८७६-७७च्या दुष्काळाचा परिणाम सांगा, असा प्रश्न होता. मी वजाबाकी केली आणि ठोकून दिलं, ‘दुष्काळात २०,७३२ माणसे मेली.’ चारपैकी एक मार्क मिळाला. गाऱ्हाणं घेऊन तात्यांच्या ओसरीवर गेलो.

त्यांनी माझं उत्तर वाचलंच नाही. सगळ्या आकड्यांवर पंजा ठेवला आणि म्हणाले, “रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय?”

“लोकसंख्या.”

“मग मेलेल्यांचा रकाना कुठंय?”

मी गप्प. त्यांनी कोपऱ्यातली कणगी दाखवली. दिवाळीला तिच्यात दहा पोती होती आणि पाडव्याला नऊ निघाली, तर मधे किती भरली, किती खाल्ली आणि किती पाहुण्यांबरोबर गेली, हे कणगी सांगेल का? दोन मोजण्यांमध्ये नऊ वर्षं होती. दुष्काळाच्या आधीच्या चार वर्षांत माणसं वाढली असतील, तर दुष्काळातली खरी घट २०,७३२पेक्षा मोठी. उलट पोटासाठी जिल्ह्याबाहेर गेलेली माणसं जिवंत होती, फक्त इथं मोजली गेली नाहीत. म्हणजे मेलेल्यांचा आकडा त्या वजाबाकीहून जास्तही असेल, कमीही असेल.

मग त्यांनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं. अजून पाठ आहे. ‘१८७२ ते १८८१ या काळात जिल्ह्याची लोकसंख्या २०,७३२ने, म्हणजे सुमारे सव्वादोन टक्क्यांनी घटली. याच काळात दुष्काळ पडला, म्हणून घटीचा त्याच्याशी संबंध असणे संभवते. मात्र ही घट म्हणजे मृतांची संख्या नव्हे. मृत्यू आणि स्थलांतर वेगळे करण्यास मृत्यूच्या नोंदी व जन्मस्थळाचा तक्ता लागेल.’ पुढची ओळ माझी मला सुचली, आणि तात्या पहिल्यांदा हसले. पुढच्या दहा वर्षांत १,६७,१७९ माणसं वाढली, साडेअठरा टक्के. एवढी वाढ नुसत्या जन्मांनी होणं अवघड. म्हणजे गेलेले काही जण परतलेही असावेत. लगेच ते म्हणाले, “१९०१ची घट मात्र तू दुष्काळाच्या नावावर टाकू नकोस.” तेव्हा प्लेगही होता आणि १८९९-१९००चा दुष्काळही. जिल्ह्याच्या एका आकड्यातून ते दोन वेगळे करता येत नाहीत. पुणे शहर आणि तालुके सुटे सुटे पाहावे लागतात.

एवढं शिकूनही कॉलेजात मी आणखी मोठी चूक केली. तालुकावार तक्ते हाती लागले. खेडचा १९०१चा आकडा मी स्वातंत्र्यानंतरच्या आकड्याशेजारी मांडला आणि वाढ इतकी किरकोळ दिसली, की तालुका सोडून लोक मुंबईला गेले, असा पानभर निष्कर्ष काढला. भाषाही जोरदार होती. निबंध तात्यांना दाखवायला आणला तो दाद मिळावी म्हणून, हे आज कबूल करतो.

त्यांनी पेटीतून जुना नकाशा काढला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला. “आपलं गाव दाखव.” मंचर सापडलं. मग अवसरी दोन दिसल्या, बुद्रुक आणि खुर्द. घाईत मी खुर्दवरच बोट ठेवलं. तात्यांनी ते सरकवलं आणि तिथून तुटक सीमारेषेवरून फिरवत नेलं. ती तालुक्याची सीमा नव्हती. खेड तालुक्याच्या पोटातल्या आंबेगाव पेठ्याची होती. १९०१च्या मोजणीत हा पेठा खेडमध्येच धरलेला. पुढं तो स्वतंत्र तालुका झाला. म्हणजे नंतरच्या खेडमधून आख्खा आंबेगाव वजा झाला होता, आणि मी त्या माणसांना मुंबईच्या गाडीत बसवून मोकळा. त्यांत माझे पणजोबाही होते, ज्यांनी उभ्या आयुष्यात वेशीबाहेर मुक्काम केला नव्हता.

नकाशात घोड नदीच्या काठी आंबेगाव नावाचं गाव होतं. आज तिथं डिंभे धरणाचं पाणी आहे. तालुक्याचं नाव तेवढं राहिलं, कचेरी घोडेगावला. तात्या म्हणाले, “नकाशाचं साल बघितल्याशिवाय आंबेगावला निघालास, तर पोहता यायला पाहिजे.”

तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. तो निबंध मी टाकलेला नाही. खेडच्या आकड्याशेजारी, समासात, त्यांच्या पेन्सिलीचा एकच शब्द आहे: ‘पेठा?’