१७२ ते १४९

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला जर्नलमध्ये मी ‘फरकाची कारणे’ या मथळ्याखाली ‘मानवी चूक’ असं लिहिलं होतं. मॅडमनी त्यावर काट मारली आणि विचारलं, “चूक कोणत्या बाजूला झाली, ते सांग.”

प्रयोग होता लोह-थायोसायनेटच्या समतोलाचा. फेरिक आयन आणि थायोसायनेट एकत्र आले की रक्तासारखं लाल संयुग तयार होतं, पण सगळं होत नाही; किती झालं ते रंगाच्या गडदपणावरून, प्रमाण द्रावणाशी ताडून काढायचं. पाच नळ्यांत प्रत्येकी ५ मिली ०.००२ मोलर फेरिक नायट्रेट, थायोसायनेट १ ते ५ मिली आणि उरलेलं नायट्रिक ॲसिड, एकूण १० मिली. कलरिमीटर ४४७ नॅनोमीटरवर.

माझा स्थिरांक पहिल्या नळीत १७२ आला, पाचवीत १४९, मधले उतरत गेलेले. खरं तर तापमान तेच असेल तर तो सगळीकडे सारखा यायला हवा. हात थरथरला असता तर आकडे वरखाली झाले असते. हे मात्र पायऱ्या उतरल्यासारखे एका दिशेनं चालले होते. सगळ्यात फिक्या नळीत सगळ्यात जास्त बिघाड! म्हणजे प्रत्येक रीडिंगमध्ये तेवढंच काहीतरी जादा मिसळत होतं. पहिल्या नळीचं रीडिंग ०.१३२ आणि पाचवीचं ०.५३४, पहिलीला ते जड जाणारच.

दुसऱ्या दिवशी दोन्ही क्युव्हेटमध्ये साधं पाणी भरलं. शून्य लावायला वापरलेल्यात ०.००, नमुन्यांच्यात ०.०२. उजेडात धरल्यावर बारीक ओरखडा दिसला. प्रमाण द्रावणासकट सगळ्या रीडिंगमधून ०.०२ वजा केले, तर पाचही नळ्या १४६ च्या आसपास आल्या.

मी खूश. मॅडम नाहीत. “प्रमाण द्रावणात सगळं थायोसायनेट खपलं, हे कशावरून?” आम्ही ते गृहीतच धरलं होतं: ०.२ मोलर लोह ९ मिली, थायोसायनेट १ मिली, म्हणजे लोह भरमसाट. आता माझाच १४६ वापरून हिशेब केला, तर ९६ टक्केच खपत होतं. प्रमाण आम्ही समजत होतो त्याहून थोडं फिकं, म्हणून प्रत्येक नळीतलं लाल संयुग जास्त मोजलं जात होतं. ही दुरुस्ती केल्यावर स्थिरांक १४० वर आला. पण यात एक खोट राहिलीच: त्या दाट लोहद्रावणात आयनांची गर्दी नळ्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि गर्दीनं स्थिरांक बदलतो. तिथे १४६ लागू पडतो, असं मी मानलं होतं.

काट मारलेल्या ओळीखाली आता दीड पान भरलं होतं. मॅडमनी सही केली आणि ओरखड्याचा क्युव्हेट उचलून कपाटात वेगळा ठेवला, पुढच्या बॅचसाठी.