निघताना एक फोन

आमचे सासरे, म्हणजे नाना, यांचं डायलिसिस सुरू झालं आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार हे तीन वार आमच्या जळगावच्या घरातून वजा झाले. सकाळी गेलं की दुपार होते आणि घरी आल्यावर ते संध्याकाळपर्यंत नुसते पडून असतात. धुळ्याहून मंडळी यायची ती नेमकी तेव्हा. कधी एरंडोल-पारोळ्याच्या उन्हातून आलेल्यांना दाराला कुलूप. कधी नाना कसेबसे उठून बसायचे, पाहुण्यांबरोबर त्यांचाही कप भरायचा, आणि डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी मोजून दिलेलं! चहासुद्धा त्यातच धरायचा असतो, हे प्रेमानं आग्रह करणाऱ्याला कोण सांगणार?

ह्यांनी ग्रुपवर टाकायला लिहिलं, ‘कृपया पूर्वसूचना देऊनच यावे.’ सासूबाई म्हणाल्या, “ही काय सोसायटीची नोटीस आहे?” त्यांचं खरं होतं. आमच्याकडे ‘येऊ का?’ विचारायला लावणं म्हणजे परकं करणं. ‘येतोय’ एवढं कळवा, असं म्हणायचं होतं. शिवाय कुणी येऊन गेल्या-गेल्या असा निरोप टाकला, तर तो त्यांनाच लागणार. म्हणून मध्ये आठवडाभर जाऊ दिला. आधी धुळ्याच्या आत्याबाईंना फोन केला. सगळ्यांत मोठ्या त्याच. त्या आधी फणकारल्या, “मी काय पाव्हनी शे का?” नानांच्या चहाचं सांगितल्यावर मात्र गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “टाक. मी सांगस सगळास्ले.”

शेवटी निरोप असा गेला:

‘सगळ्यांना नमस्कार. नाना तुमची वाट बघत असतात. मंगळ, गुरू, शनी त्यांचं डायलिसिस असतं, त्या दिवशी बोलायचंही त्राण नसतं. बाकीच्या दिवशी कधीही या, फक्त घरून निघताना एक फोन करा, म्हणजे भरीत-भाकरी गरम मिळेल. नानांना चहाचा आग्रह करू नका, गप्पांचा करा. अडीअडचणीला, दुखण्याखुपण्याला फोनबिन काही नको, सरळ या.’

शेवटचं वाक्य सासूबाईंचं. ते नसतं तर रात्री-अपरात्री गरज पडलेला माणूसही बिचकला असता.

‘घरून निघताना’ हे शब्द मात्र नंतर घातले. आधी नुसतं ‘फोन करून या’ होतं. ते वाचून मामांनी फोन केला. मी म्हटलं, “या ना, कुठपर्यंत आलात?” तर म्हणाले, “गेटजवळ!” धुळ्याहून निघताना कळलं तर एसटीचे दोन-अडीच तास हाताशी असतात. तेवढ्यात वांगी भाजून होतात, आणि नाना झोपले असतील तर त्यांची झोपही पुरी होते.

आता बहुतेक जण फोन करतात. पंचाईत एवढीच झाली, की निरोपाखाली नंबर नानांचा होता. कुणीही, कुठल्याही वारी फोन केला की ते सांगायचे, “या, या, आत्ताच निघा!” मग नंबर बदलून माझा टाकला.