सत्तर रुपये वारले

आमच्या ऑफिसात दोन माणसं मराठी नाहीत, एक लखनौचा आणि एक कोलकात्याची. बाकी आम्ही सगळे ‘अशी ही बनवाबनवी’ तोंडपाठ असलेले. १९८८चा सिनेमा, संवाद वसंत सबनिसांचे. मीटिंग रद्द झाली, कूपन फुकट गेलं, की कोणीतरी म्हणणारच, “सत्तर रुपये वारले!” आम्ही हसायचो आणि ते दोघं एकमेकांकडे बघायचे.

एकदा लखनौवाल्याने अर्थ विचारला. मी म्हटलं, “सत्तर रुपये गुज़र गए.” शब्दाला शब्द बरोबर, पण तो ढिम्म. मग गोष्ट सांगितली. पुण्यातले घरमालक विश्वासराव सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी, यांना मधुमेह. त्यांचा भाडेकरू धनंजय माने, म्हणजे अशोक सराफ. मित्र इस्रायलहून औषध आणून देणार म्हणून याने मालकाचे सत्तर रुपये घेतलेले. औषधाची चौकशी होते तेव्हा तो मित्र वारलेला असतो, आणि त्याच्यामागोमाग सत्तर रुपयेही वारतात. माणसासाठी राखून ठेवलेलं ते अदबीचं क्रियापद पैशांना लागतं, आणि तेही बुडवणाऱ्याच्या सुतकी चेहऱ्यासकट. एवढं कळल्यावर तो खो खो हसला. गोष्टीतही पंच आधी फेकून मग खुलासा करत बसलो असतो, तर हशा मेलाच असता.

कोलकातावालीला मात्र “एक्सपायर झाले” हे जास्त पटलं. आपल्याकडे माणूसही एक्सपायर होतो आणि औषधही. सबनिसांनाही आवडलं असतं, असं आपलं मला वाटतं.

“हा माझा बायको पार्वती” इथे मात्र हात टेकले. लक्ष्मीकांत बेर्डे लुगडं नेसून बायको झालेला, त्याची ओळख करून देताना लिंग घसरतं आणि सोंग उघडं पडायची वेळ येते. “यह मेरा बीवी” म्हटलं तर लखनौवाल्याला काहीच वावगं वाटेना. मराठी माणूस हिंदी असंच बोलतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत! बंगालीत तर ‘माझा’ आणि ‘माझी’ला एकच शब्द, तिथे घसरायला जागाच नाही. शेवटी सीनच लावून दाखवला.

आणि “धनंजय माने इथेच राहतात का?” हे सगळ्यात फसवं, कारण त्यात विनोदाची एकही खूण नाही. नव्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, तर तो बिचारा एचआरला फोन लावतो.

परवा लखनौवाल्याचं घराचं डिपॉझिट बुडालं. जेवताना तो स्वतःच म्हणाला, “माझे तीस हजार वारले.” टेबलावरचे चौघे एकदम ओरडले, “सत्तर! कितीही बुडाले तरी सत्तरच म्हणायचं!”