लोडिंग स्क्रीनवरची लुकलुक

“एकलहऱ्याची लाइट डीम-फुल होत असेल, मॉनिटरला काही झालेलं नाही,” असं नाशिकच्या त्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने मॉनिटरकडे न बघता सांगितलं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. एकलहऱ्यात राहणाऱ्याला हे ऐकवायचं! आमच्याकडे थर्मल आहे, २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, आणि अर्ध्या गावाचं आयुष्य त्याच्या पाळ्यांवर चाललंय. लाइट आमच्याकडेही जाते, नाही असं नाही. पण गेली की गेली. ती फक्त गेमच्या मेनूत येऊन लुकलुकत नाही.

मॉनिटर २७ इंची, वक्र, व्हीए पॅनलचा, १६५ हर्ट्झचा. कार्ड एनव्हिडियाचं, जोडणी डिस्प्लेपोर्टने. दिवसा मी त्यावर लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री धाकटा भाऊ आणि मी खेळतो. डेस्कटॉपवर सगळं ठीक, एडिटिंगमध्ये ठीक, प्रत्यक्ष खेळातही जवळजवळ ठीक. पण खेळ सुरू करताना काळसर लोडिंग स्क्रीन आली, की पूर्ण पडदा राखाडी-काळा-राखाडी असा थरथरायचा. मेनू उघडला की तेच. आई खोलीत आली तर म्हणायची, “बंद कर रे ते, डोकं दुखतं.” आणि खरोखर दुखायचं.

सर्व्हिसवाल्याने मॉनिटर ठेवून घेतला, त्यांच्या टेबलावर लावला, कंपनीचा डेमो व्हिडिओ रात्रभर चालवला आणि “ओके टेस्टेड” अशी चिठ्ठी लावून परत दिला. व्हिडिओवर तो ओकेच असणार. तक्रार लिहून दिली होती: गेमच्या लोडिंगला होतं, डेस्कटॉपवर होत नाही. तेवढं एक वाक्य वाचलं असतं आणि एखादा गेम लावून पाहिला असता, तर प्रश्न अर्ध्या तासात कळला असता. त्याऐवजी मला स्टॅबिलायझर घ्यायला सांगितलं गेलं. स्टॅबिलायझरही तिथेच विकायला होता.

मी तो घेतला नाही, कारण शेजारचे काका. थर्मलच्या कंट्रोल रूममधून निवृत्त झालेले. मी हकीकत सांगितली तर आपलं मल्टिमीटर घेऊनच आले. एक्स्टेंशन बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये प्रोब धरून बसले आणि म्हणाले, “लाव तुझा गेम.” पडदा लुकलुकत होता आणि मीटरवरचा आकडा २३० च्या आसपास बसून होता. “बाळा, हा व्होल्टेजचा प्रश्न नाही,” काका म्हणाले. मग कारणही सांगितलं. मॉनिटरचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही घेतो आणि पलीकडे ठरावीक डीसी देतो, त्यामुळे भिंतीतला थोडा चढउतार पडद्यापर्यंत पोचतच नाही. आणि पोचला असता तर डेस्कटॉपवरही दिसला असता. विजेला तू गेम खेळतोयस की हिशोब करतोयस हे कसं कळणार?

ही चाचणी कुणालाही घरी करता येते, मल्टिमीटर नसला तरी. मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडायचा आणि Adaptive-Sync (काही मॉनिटरवर FreeSync) बंद करायचं. तीच लोडिंग स्क्रीन पुन्हा आणायची. लुकलुक थांबली तर वीज, केबल, बॅकलाइट सगळे सुटले. दोष बदलत्या रिफ्रेशचा. आमची थांबली. पूर्ण.

आता हे बदलतं रिफ्रेश म्हणजे काय ते थोडक्यात. जुना मॉनिटर सेकंदाला ६० किंवा १४४ वेळा, ठरल्या तालात चित्र नव्याने काढतो. कार्डचं चित्र त्या तालात तयार झालं नाही तर चित्र मधून फाटतं किंवा अडखळतं. २०१३ मध्ये एनव्हिडियाने जी-सिंक आणलं आणि पुढे एएमडीने फ्रीसिंक. दोन्हींत ताल कार्ड ठरवतं आणि मॉनिटर त्याच्या मागे जातो. २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही अडॅप्टिव्ह-सिंकच्या साध्या मॉनिटरवर हे करू लागली. माझा मॉनिटर ४८ ते १६५ हर्ट्झ या पट्ट्यात मागे जाऊ शकतो.

त्या मॉनिटरच्या मेनूत चालू रिफ्रेशचा आकडा कोपऱ्यात दाखवायची सोय आहे. ती चालू केली आणि काका खुर्ची पुढे ओढून बसले. लोडिंग सुरू झालं: १६५, ९७, ४८, १३१, ६०, १६४. आकडा वाचेपर्यंत दुसरा येत होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “अरे, आम्ही नोकरीभर ५० च्या आसपास राहायला धडपडलो. या पडद्याची फ्रिक्वेन्सी कुणी धरलेलीच नाही.” मला अख्खा विषय त्या एका वाक्यात कळला.

लोडिंगच्या वेळी प्रोसेसर डिस्कवरून सामान उचलणं, ते उलगडणं, शेडर तयार करणं यात गुंतलेला असतो. चित्राला वेळ मिळेल तसा मिळतो. एक फ्रेम ६ मिलिसेकंदात येते, पुढची १०० मिलिसेकंदांनी. फ्रेमचा वेग ४८ च्या खाली गेला की ड्रायव्हर तीच फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवतो. ४० फ्रेम असतील तर प्रत्येक दोनदा, म्हणजे मॉनिटर एकदम ८० वर. सरकला नाही, उडी मारली. आणि पिक्सेल हा शेवटी भरलेला भार धरून ठेवतो. १६५ हर्ट्झला त्याला ६ मिलिसेकंद धरायचं असतं, ४८ ला जवळजवळ २१. तेवढ्यात भार किंचित गळतो आणि त्या राखाडीची उजळता किंचित बदलते. ताल स्थिर असेल तर डोळ्याला कळतही नाही. ताल सेकंदात दहादा बदलला की तोच किंचित फरक लुकलुक होऊन दिसतो. पांढऱ्यावर कमी, गडद राखाडीवर सर्वांत जास्त. लोडिंग स्क्रीन नेमक्या तशाच असतात. व्हीए आणि ओलेड पॅनलवर हे ठळक दिसतं, आयपीएसवर सहसा कमी.

मेनूची गोष्ट उलटी. तिथे काम इतकं हलकं असतं की कार्ड ३००-४०० फ्रेम काढतं, १६५ ची मर्यादा ओलांडतं, मागून काहीतरी लोड झालं की पुन्हा खाली येतं. सारखं आत-बाहेर. यावरचा उपाय सोपा निघाला. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये Manage 3D settings, त्यात Max Frame Rate, तिथे १६० टाकलं. Vertical sync तिथेच On केलं आणि गेममधलं बंद ठेवलं. मर्यादा मॉनिटरच्या कमाल आकड्यापेक्षा निदान तीन-चारने कमी हवी, म्हणजे फ्रेम पट्ट्याच्या आतच राहतात. मेनू शांत झाले. काही गेम मात्र मेनूला स्वतःच ३० फ्रेमची मर्यादा घालतात. तिथे आकडा ६० वर जाऊन बसतो आणि तो स्थिर असल्याने त्रास देत नाही.

लोडिंगला या मर्यादेचा काही उपयोग नाही. मर्यादा वरून दाबते, अडचण खालून आहे. म्हणून पट्ट्याचा तळ उचलला. CRU नावाचं एक छोटं मोफत साधन आहे. त्यात मॉनिटर निवडून वरचं Edit बटण दाबलं की Range limits मध्ये V rate दिसतो. तिथे ४८ चे ८० केले, मूळ आकडा कागदावर लिहून ठेवला, आणि त्याच फोल्डरमधलं restart64.exe चालवलं. पडदा क्षणभर काळा होतो, घाबरायचं नाही. काही बिघडलं तर reset-all.exe चालवून संगणक पुन्हा सुरू करायचा. पडदाच आला नाही, तर विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून हेच करता येतं.

८० च का? फ्रेम दुप्पट करायची तर वर जागा हवी. कमाल आकडा किमानच्या दुप्पट तरी असला पाहिजे. १६५ चे निम्मे साडेब्याऐंशी. ९० ठेवले तर ८५ फ्रेम दुप्पट होऊन १७० होतील आणि मॉनिटरला ते झेपणार नाहीत. ८० ठेवल्यावर लोडिंगचा सगळा गोंधळ ८० ते १६५ मध्येच होतो, म्हणजे पिक्सेलला धरायचा वेळ ६ ते साडेबारा मिलिसेकंद. पूर्वी तो २१ पर्यंत जायचा. लुकलुक फिकी झाली. गेली नाही.

आणि याची किंमतही आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. भावाचा एक जड खेळ नेमका ७५ ते ८५ फ्रेममध्ये चालतो. तळ ८० वर नेल्यावर तो खेळ ८२ ला ८२ आणि ७९ ला १५८ असा उड्या मारू लागला. म्हणजे जी लुकलुक फक्त लोडिंगला होती ती प्रत्यक्ष खेळात आली! भाऊ वैतागला. “दादा, आधीचंच बरं होतं.” त्याच्यासाठी तळ ६० वर आणला. आता तो खेळ मोकळा चालतो, लोडिंगला थोडं जास्त थरथरतं आणि तो ते सोसतो. आपला खेळ बहुतेक वेळ ज्या आकड्यांत राहतो, त्यांच्यापासून तळ लांब ठेवायचा. हे स्वतःचा आकडा कोपऱ्यात पाहिल्याशिवाय कळत नाही, दुसऱ्याचा आकडा उचलून चालत नाही.

एका खेळाला मात्र कशानेच फरक पडला नाही. अंधाऱ्या गुहांचा आहे, दर पाच मिनिटांनी लोडिंग. त्याच्यासाठी Manage 3D settings च्या Program Settings मध्ये तो खेळ निवडून Monitor Technology चं Fixed Refresh केलं. त्या एका खेळापुरता मॉनिटर जुन्या मॉनिटरसारखा ठरल्या तालात चालतो आणि लोडिंग दगडासारखं स्थिर. बाकीचे खेळ बदलत्या रिफ्रेशवरच. खिडकीत खेळणाऱ्यांनी आणखी एक बघावं: Set up G-SYNC मध्ये “Enable for full screen mode” एवढंच ठेवलं, तर खिडकीतल्या गेमचा आणि इतर प्रोग्रॅमचा मॉनिटरच्या तालाशी संबंध राहत नाही.

इतकं झाल्यावर मला वाटू लागलंय की मॉनिटर बदलून न देण्यात सर्व्हिस सेंटर बरोबरच होतं. दुसरा दिला असता तरी त्याच मॉडेलचा असता आणि तसाच लुकलुकला असता. तो त्या पॅनलचा स्वभाव आहे. पण मग तसं सांगायचं. खोक्यावर १६५ हर्ट्झ आणि फ्रीसिंक मोठ्या अक्षरांत छापता, तर गडद दृश्यात व्हीए पॅनल त्या सोयीने लुकलुकू शकतं हेही छापा. गिऱ्हाईक काय घ्यायचं ते ठरवेल. व्हीएचा काळा रंग आयपीएसपेक्षा खूप खोल असतो, मी कदाचित हाच घेतला असता.

काकांनी त्यांच्या नातवासाठी मॉनिटर घ्यायचं ठरवलंय. दुकानात जाताना मला बरोबर नेणार आहेत. त्यांना मी एवढंच सांगितलंय की दुकानात डेमो व्हिडिओ बघायचा नाही. एखाद्या गेमची काळी लोडिंग स्क्रीन लावायला सांगायची आणि कोपऱ्यात रिफ्रेशचा आकडा चालू करायला लावायचा. आणि ड्रायव्हर नवा टाकताना “Perform a clean installation” वर खूण करायची नाही, नाहीतर खेळागणिक ठेवलेली सगळी मांडणी पुसली जाते. मागच्या महिन्यात भावाने ती केली. परत सगळं बसवायला रविवार गेला.