इस्पिकची नव्वी

भाचा दुबईला निघायच्या आदल्या रात्री पत्ते घेऊन आला. ‘आत्ये, बघ ना.’ तीस वर्षं गणित शिकवलं, तरी माझी ही खोड अख्ख्या वाडीला ठाऊक. सत्तीखालची पानं काढून बत्तीस ठेवली, त्याला डाव्या हातानं काटायला लावली, तीन उलटली. चौकटचा एक्का म्हणजे कागद, दश्शी म्हणजे पैसा. मधे इस्पिकची नव्वी. तिला कुणीच चांगलं म्हणत नाही.

‘कागद दाखव.’

व्हिसा पर्यटकाचा होता. एजंट म्हणे, तिकडे गेल्यावर बदलून देतो.

‘नोकरीचा येईपर्यंत जायचं नाही.’

‘पानात तसं आलंय?’

‘हो,’ मी म्हटलं. नुसत्या कागदावरून त्यानं ऐकलं नसतं.

दारात भाऊ उभा होता. एजंटाला दिलेल्या पैशांचं त्यानं काही विचारलं नाही.