सूचना सगळ्यात शेवटी ऐकू आली

वराळ्यात राहून मी शेजारच्याच एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. जानेवारीत दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कार्ला आणि भाजे लेण्यांना न्यायचे ठरले, म्हणून बारा पानांची अभ्यासपुस्तिका तयार केली आणि पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर टाकली. वर्गात एक मुलगी पूर्ण अंध आहे. ती एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरते. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हीच एकदा ऐका."

थोडे ऐकताच मी गडबडले. "स्तूपावरची मूळ लाकडी मावळ अभ्यास सहल पान चार छत्री अजून शाबूत आहे." पानाच्या माथ्यावरची ओळ आणि पानाचा आकडा माझ्या वाक्याच्या पोटात शिरला होता, कारण वाक्य तिसऱ्या पानावर सुरू होऊन चौथ्यावर संपत होते. पुढे तिने `H` दाबले. या कळीने स्क्रीन रीडर पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. पुस्तिकेत अकरा मथळे होते, पण त्याला एकही सापडला नाही. "लेण्यांत शिरण्यापूर्वी" ही चौकट मी मुद्दाम दुसऱ्या पानावर ठळक टाकली होती, ती संदर्भग्रंथांच्या यादीनंतर ऐकू आली. कोरीव कामाला हात लावू नका, पायऱ्या निसरड्या आहेत, हे सगळे तिला सहल संपल्यावर कळले असते.

कारण साधे होते. मी वर्डमधली फाइल प्रिंटच्या वाटेने पीडीएफ केली होती. त्या वाटेने अक्षरे आणि त्यांच्या जागा जातात, पण मथळा कोणता, परिच्छेद कोणता, तक्ता कुठे सुरू होतो, ही माहिती जात नाही. ती माहिती म्हणजे टॅग. टॅग नसले की स्क्रीन रीडरला क्रम अंदाजाने लावावा लागतो. (मजकूर युनिकोडमध्ये होता, हे नशीब. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असता तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा ऐकू आला असता, आणि टॅग लावूनही तो सुधारला नसता.)

ग्रंथालयातल्या संगणकावर अ‍ॅक्रोबॅट प्रो आहे. तिथे स्वयंचलित टॅगिंग चालवले आणि काम झाले असे मला वाटले. पण टॅगांची यादी उघडली तर "चहा-नाश्ता" या ठळक ओळीला `H1` मिळाले होते आणि "कार्ला" हे प्रकरणाचे नाव साधा परिच्छेद झाले होते. यंत्राने अक्षरांचा आकार पाहून अंदाज केला होता. मथळ्याची पातळी आकारावर नव्हे, आशयावर ठरते. पुस्तिकेचे नाव `H1`, कार्ला आणि भाजे `H2`, त्यांच्या पोटातले चैत्यगृह, विहार, शिलालेख `H3`. हे हाताने बदलायला दहा मिनिटे लागली. पानाच्या माथ्यावरची ओळ, आकडे आणि शोभेच्या रेघा मी आर्टिफॅक्ट केल्या, म्हणजे वाचनातून वगळल्या. चौकटीचा टॅग उचलून दुसऱ्या परिच्छेदानंतर ठेवला. अ‍ॅक्रोबॅटमध्ये क्रमाची खिडकी वेगळी आणि टॅगांचे झाड वेगळे असते. एकीकडचा बदल दुसरीकडे उतरेलच असे नाही. स्क्रीन रीडर झाड वाचतो, म्हणून शेवटची खात्री झाडातच करायची. भाषेच्या जागी इंग्रजी होते, तिथे `mr-IN` लिहिले.

खरा वेळ खाल्ला वेळापत्रकाने. माझ्या तक्त्यात "वेळ" असा जोडलेला मथळा होता आणि त्याखाली "पोहोचणे" आणि "निघणे" असे दोन उपमथळे. डोळ्यांना ते छान दिसत होते. टॅगिंगने जोडलेला कप्पा ओळखला नाही, उपमथळे एक घर डावीकडे सरकले आणि सगळेच कप्पे साधे `TD` झाले. तिला ऐकू येत होते ते असे: "मळवली, नऊ पंधरा, नऊ वीस, कार्ला, दहा तीस, बारा तीस." यातले पोहोचायचे कोणते आणि निघायचे कोणते, हे तिने लक्षात ठेवून मोजायचे.

मी बराच वेळ कप्पे जोडत बसले. शेवटी लक्षात आले की दोन मजली मथळ्याची गरजच नाही. वर्डमध्ये परत जाऊन तो मोडला आणि तीन सरळ स्तंभ केले. पीडीएफमध्ये पहिली ओळ आणि पहिला स्तंभ, दोन्हींना मथळ्याचा दर्जा दिला:

```
<Table>
  <TR>
    <TH Scope="Column"> ठिकाण
    <TH Scope="Column"> पोहोचण्याची वेळ
    <TH Scope="Column"> निघण्याची वेळ
  <TR>
    <TH Scope="Row"> भाजे
    <TD> १:३०
    <TD> ३:००
```

आता `Ctrl+Alt` आणि उजवा बाण दाबला की "पोहोचण्याची वेळ, एक तीस" असे येते. त्याच स्तंभात खाली उतरले की जागेचे नाव आधी येते. एका वेळी एकच कप्पा ऐकला तरी त्याचा अर्थ पुरता लागतो.

उरले फोटो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या फोटोला मी पर्यायी मजकूर दिला, "कार्ला लेण्याचा फोटो". ती म्हणाली, "ग्राफिक आहे हे तो आधीच सांगतो, मॅडम. त्यात दिसतं काय?" मग मी हौसेने बारा ओळी लिहिल्या. तेही तिला अडचणीचे झाले. पर्यायी मजकूर एका दमात वाचला जातो, त्यात मथळे किंवा परिच्छेद नसतात, आणि मध्येच थांबून मागचा शब्द शोधणे कठीण जाते. तेव्हा तो फोटो मी तिथे का टाकला, हे स्वतःला विचारले. त्या परिच्छेदाचा मुद्दा हा होता की कातळ कोरणाऱ्यांनी लाकडी इमारतीची नक्कल केली. म्हणून शेवटी एवढेच ठेवले: "चैत्यगृहाचा आतला भाग, दारातून पाहताना. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप, कमानदार छताला ओळीने लाकडी फासळ्या." सदतीस खांबांचा हिशेब, म्हणजे दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात साधे अष्टकोनी, मी मुख्य मजकुरात नेला. लेण्याच्या आराखड्याचेही तसेच केले. नकाशा दोन वाक्यांत मावत नाही.

यानंतर अ‍ॅक्रोबॅटची तपासणी चालवली. सगळीकडे हिरव्या खुणा, फक्त वाचनक्रम आणि रंगांची तफावत या दोन ओळींपुढे "Needs manual check". मला चटका लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. "कार्ला लेण्याचा फोटो" असतानाही ही तपासणी मी केली होती आणि पर्यायी मजकुराला तेव्हाही हिरवी खूण मिळाली होती. मजकूर आहे की नाही एवढेच यंत्र पाहते. तो खरा आहे का, उपयोगाचा आहे का, हे ऐकणाराच सांगू शकतो.

पहिल्या पुस्तिकेला दोन संध्याकाळी गेल्या. बेडसे लेण्यांची पुस्तिका मी वर्डमध्येच हेडिंग स्टाइल लावून, तक्त्याची पहिली ओळ मथळा म्हणून नेमून, फोटोंचा मजकूर तिथेच लिहून प्रिंटऐवजी सेव्ह अ‍ॅजमधून पीडीएफ केली. पीडीएफमध्ये दुरुस्तीला पाऊण तास लागला, आणि ग्रुपवर टाकण्याआधी `NVDA+Ctrl+Escape` दाबून पडदा काळा केला आणि बारा पाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली.